अपूर्णांकाची पुनर्भेट

बंडगार्डनचा पूल ओलांडून मुळा-मुठेच्या पलीकडे गेले की लागणाऱ्या येरवड्याचे नाव बाहेरच्या माणसास मध्यवर्ती कारागृहामुळे आणि १९३२ च्या पुणे करारामुळे ठाऊक असते. परंतु ज्याला शिक्षणाच्या प्रश्नांत रस आहे, त्याने या भागातील महापालिकेच्या एखाद्या शाळेतील सहावीचा वर्ग पाहावा. लक्ष्मीनगर, गांधीनगर, नागपूर चाळ अशा दाट वस्त्यांतून येणारी मुले तेथे एका बाकावर बसलेली असतात. त्यांतील काही पहिलीपासून त्याच शाळेत वाढलेली असतात, काहींनी सोलापूर, लातूर वा नांदेडकडच्या जिल्हा परिषद शाळेचा दाखला आणलेला असतो, काहींचे आईबाप बांधकामाच्या कामावर असल्यामुळे त्यांचे एखादे संपूर्ण वर्ष दोन गावांच्या दरम्यान हरवलेले असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तजवीज केली असल्यामुळे ही सारी मुले सहावीतच असतात आणि असावीतही. मात्र गणिताच्या तासाला 'अपूर्णांकांवरील क्रिया' हे प्रकरण निघाले म्हणजे प्रत्येकाच्या पाठीशी असलेली पूर्वतयारी किती भिन्न आहे हे एका क्षणात उघड होते. अशा वर्गास गणित कोणत्या क्रमाने शिकवावे, या प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे; आणि तो हवेत राहू नये म्हणून अपूर्णांक हा एकच विषय धरून त्याचा माग तिसरीपासून आठवीपर्यंत काढावयाचा आहे.

क्रमाच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीला रेषीय मांडणी म्हणतात. तिच्यात एक विषय हाती घेतला की तो पुरा करूनच खाली ठेवावयाचा असतो. पूर्ण संख्यांच्या चारही क्रिया संपल्याशिवाय अपूर्णांक नाही, अपूर्णांकाची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ही सगळी मालिका संपल्याशिवाय दशांश नाही, आणि दशांश पक्के झाल्याशिवाय शेकडेवारी नाही. दुसरीला सर्पिल मांडणी हे नाव आहे. तिच्यात तोच विषय अनेक इयत्तांत पुनःपुन्हा भेटीस येतो, पण दर भेटीत त्याच्याविषयी विचारला जाणारा प्रश्न अधिक खोल असतो. तिसरीतल्या मुलाला अर्धी भाकरी दाखवावी, पाचवीतल्या मुलाकडून दोन अपूर्णांकांची बेरीज करून घ्यावी, सहावीत भागाकार करवावा आणि सातवीत ऋण परिमेय संख्यांपर्यंत त्याला न्यावे, अशी ही योजना असते.

आपल्याकडची जुनी रीत रेषीय होती आणि ती आपल्या परीने फार सुसंगत होती, हे आधी नमूद केले पाहिजे. पंतोजींच्या शाळेत तिसापर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे येत. औट म्हणजे साडेतीन. सोळा औटे छप्पन्न हे ज्याच्या जिभेवर असे, त्याला बाजारात वा दप्तरात कागद-लेखणीची गरज भासत नसे. हे शिक्षण केवळ घोकंपट्टीचे होते म्हणून त्यास नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ते चालत होते त्याचे कारण त्या काळच्या नाण्यांत आणि मापांत दडलेले होते. रुपयाचे आणे सोळा, शेराचे पावशेर चार. त्यामुळे व्यवहारात भेटणारे छेद जवळजवळ सगळे दोन, चार, आठ, सोळा याच घराण्यातले असत. अर्धा रुपया आणि पाव रुपया यांची बेरीज करणारा मुलगा आठ आणे आणि चार आणे मिळवून बारा आणे म्हणे. भिन्नच्छेद अपूर्णांक समच्छेद करण्याची सारी खटपट टांकसाळीनेच त्याच्यासाठी आधी उरकून ठेवलेली असे. एकतृतीयांशासारखा परका अपूर्णांक आलाच, तरी आण्याच्या पै बारा असल्यामुळे रुपयाचा तिसरा भाग पाच आणे चार पै असा नेमका निघे. अर्थात सातवा किंवा अकरावा हिस्सा या व्यवस्थेत बसत नव्हता. पण हिशेबनिसापुढे तो क्वचितच येई, आणि शाळेचा हेतू हिशेबनीस घडविण्याचा होता.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि या पाढ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे वजने-मापेही दशमान झाली, आणि पावकी-औटकीच्या जागी दशांश चिन्ह आले. पाव म्हणजे पंचवीस पैसे हे नेमके निघते, पण तिसरा हिस्सा काही केल्या नेमका निघत नाही. म्हणजे नाण्याने जी सोय मुकाट्याने पुरविली होती ती आता मुलाने स्वतःच्या समजुतीने निर्माण करावी, अशी अपेक्षा शाळेवर येऊन पडली. आपल्या पालकवर्गात आजही, पूर्वी पाढे पाठ असत तेव्हा गणित पक्के असे, अशी खंत ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. परंतु ते पाढे ज्या जगाचा हिशेब करीत होते ते जग आता उरलेले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अनुक्रम तर्काने ठरतो असे आपण मानतो. वस्तुतः त्याचा बराच भाग बाजाराने आणि टांकसाळीने ठरविलेला असतो.

सर्पिल मांडणीचा सिद्धांत याच सुमारास दुसऱ्या गोलार्धात आकार घेत होता. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक आकाशात सोडल्यावर अमेरिकेत शालेय विज्ञान-गणिताविषयी जी धावपळ सुरू झाली, तिच्यातून १९५९ च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल या गावी शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ यांची परिषद भरली, आणि तिचा वृत्तांत म्हणून मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये 'द प्रोसेस ऑफ एज्युकेशन' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. कोणत्याही विषयाचे मर्म कोणत्याही वयाच्या मुलास, त्याच्या वयाला साजेल पण खोटे ठरणार नाही अशा रूपात शिकविता येते, हे त्यातील गृहीतक पुष्कळ गाजले. लोकांनी त्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा विसरला. ब्रूनरांच्या मते पुनर्भेटीला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा विषयाचे अंतरंग, म्हणजे ज्या थोड्या मूलभूत कल्पनांवर तो उभा आहे त्या कल्पना, दर भेटीत अधिक स्पष्ट होत जातात. घाटातला रस्ता दर वळणाला तीच दरी दाखवितो, पण प्रत्येक वेळी अधिक उंचीवरून. ज्या रस्त्याला वळणे आहेत आणि चढ नाही तो घाट नव्हे. शाळांत सर्पिल या नावाने जे चालते त्याचा पुष्कळसा भाग दुर्दैवाने असा बिनचढाचा असतो.

बालभारतीची स्थापना १९६७ च्या जानेवारीत पुण्यातच झाली आणि तेव्हापासून राज्यभरच्या मराठी शाळांत एकच पाठ्यपुस्तक चालते. पाचवी ते आठवीची जी गणिताची पुस्तके २०१५ ते २०१८ या वर्षांत क्रमाने निघाली, त्यांतून अपूर्णांकाची वाट पाहिली तर ती स्पष्टपणे सर्पिल आहे. खालच्या इयत्तांत पाव, अर्धा, पाऊण यांची चित्रांतून ओळख होते. पाचवीत सममूल्य अपूर्णांक, समच्छेद आणि भिन्नच्छेद, त्यांतील लहानमोठेपणा आणि बेरीज-वजाबाकी येते. सहावीत पूर्णांकयुक्त अपूर्णांक, संख्यारेषेवर अपूर्णांक दाखविणे, गुणाकार, गुणाकार व्यस्त आणि भागाकार येतात. सातवीत परिमेय संख्या आणि त्यांवरील क्रिया, आठवीत परिमेय आणि अपरिमेय संख्या. दरम्यान दशांश अपूर्णांक पाचवीत आणि पुन्हा सहावीत भेटतात, गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी सहावीत येतात. या रचनेतील एक बारकावा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज लसाविवर उभी आहे, म्हणून रेषीय तर्काने लसावि आधी आणि बेरीज नंतर शिकविली पाहिजे. परंतु सहावीच्या पुस्तकात अपूर्णांकांवरील क्रिया चौथ्या प्रकरणात आहेत आणि मसावि-लसावि नवव्या प्रकरणात. ही चूक नव्हे. सममूल्य अपूर्णांक लिहीत लिहीत समान छेद गाठता येतो, आणि ज्या मुलाने असे छेद हाताने पुष्कळदा शोधले आहेत त्याला लसावि पुढे भेटतो तेव्हा तो आपल्याच खटपटीला मिळालेले नाव म्हणून भेटतो. सर्पिल मांडणीचा खरा फायदा अशा ठिकाणी दिसतो.

या मांडणीची किंमतही आहे, आणि ती दिवसांत मोजता येते. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. सहावीच्या पुस्तकात अठरा प्रकरणे आहेत. म्हणजे परीक्षा, सहली, स्पर्धा, निवडणुकीची कामे यांतले काहीही आड आले नाही असे मानले, तरी एका प्रकरणाच्या वाट्याला बारा दिवस येतात. या बारा दिवसांत मिश्र अपूर्णांकांची बेरीज, संख्यारेषा, गुणाकार आणि भागाकार एवढे सगळे बसवावयाचे. रेषीय मांडणीत याच मजकुरास सलग दोन महिने देता आले असते. सर्पिल मांडणी प्रत्येक भेट आखूड करते आणि उरलेले पुढच्या वर्षी होईल असा भरवसा शिक्षकास देते. पुढच्या वर्षीचा शिक्षक मागच्या वर्षी झाले असेल असे धरून चालतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि मुलाच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडले. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासानंतर विल्यम श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांडले, तेव्हा अमेरिकेच्या तक्त्यात जवळजवळ प्रत्येक विषय जवळजवळ प्रत्येक इयत्तेत रेंगाळताना दिसला. उलट सिंगापूर, जपान, कोरिया यांसारख्या आघाडीच्या देशांत खालच्या इयत्तांत विषय मोजके होते, एकदा आलेला विषय काही वर्षे मुक्काम करी आणि मग त्याला निरोप दिला जाई. यावरून काहींनी सर्पिल मांडणीच टाकाऊ ठरविली. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण त्या आघाडीच्या देशांतही विषय एकाच वर्षात उरकला जात नाही; तो तीन-चार वळणे घेतोच, फक्त वळणे मोजकी असतात आणि शेवटचे वळण कोणते ते ठरलेले असते.

रेषीय मांडणीचा धोका निराळ्या जागी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने रामानुजम् यांच्या अध्यक्षतेखालील गटाने गणितशिक्षणावर जे टिपण तयार केले, त्यात आपल्या शालेय गणिताची इमारत अरुंद आणि उंच आहे, तिच्यात एका मजल्यावर अडखळलेल्या मुलास वरचे सगळे मजले बंद होतात, अशा आशयाची चिकित्सा आहे आणि रुंद पायाची रचना सुचविलेली आहे. येरवड्यातील ज्या मुलाची चौथी बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत गेली, त्याच्या दृष्टीने ही केवळ तात्त्विक चर्चा नाही. रेषीय मांडणीत त्याचा हुकलेला टप्पा पुन्हा येणारच नाही. सर्पिल मांडणीत तो येतो; प्रश्न एवढाच, की तो पुरेशा खालून येतो की नाही.

सहावीच्या पुस्तकात प्रकरणाच्या आरंभी 'जरा आठवूया' अशा मथळ्याखाली मागील इयत्तेची उजळणी दिलेली असते. ज्याला आठवावयाचे काही आहे त्याला ती पुरते. जो ते कधी शिकलेलाच नाही, त्याच्यासाठी ती बंद दार ठरते. म्हणून शिक्षकाने प्रकरण उघडण्यापूर्वी एक तास मुलांची समजूत पाहण्यास खर्च करावा. त्यासाठी लांबलचक चाचणी नको. तीन प्रश्न पुरेत. १/३ आणि १/४ यांत मोठे कोणते? ०.३५ आणि ०.५ यांत मोठे कोणते? आणि ५/४ म्हणजे काय ते चित्र काढून दाखव. पहिल्याला जो १/४ म्हणतो आणि दुसऱ्याला ०.३५ म्हणतो, तो अपूर्णांकाकडे अजून पूर्ण संख्येच्याच डोळ्यांनी पाहत आहे; तीनपेक्षा चार मोठे आणि पाचापेक्षा पस्तीस मोठे, एवढाच त्याचा आधार आहे. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ मुले, आणि त्यांत पहिली दोन उत्तरे बरोबर देणारीही, चार भागांतून पाच भाग कसे घेणार, असा अगदी योग्य आक्षेप घेतात. योग्य अशासाठी, की ज्या चित्रावर ती आजवर अपूर्णांक शिकली, म्हणजे एकाच भाकरीचे तुकडे, त्या चित्रात ५/४ ला खरोखरच जागा नाही. तिसरीत हे चित्र प्रामाणिक होते. तेच चित्र पाचवीत आणि सहावीतही एकटेच वापरले गेले, तर पुनर्भेट झाली पण चढ झाला नाही.

१/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी करणारे मूल प्रत्येक शिक्षकास परिचित आहे, आणि त्याला निष्काळजी म्हणून गप्प केले जाते. वस्तुतः ते त्या चित्राशी इमान राखून असते. पहिल्या भाकरीच्या दोन तुकड्यांतला एक, दुसऱ्या भाकरीच्या तीन तुकड्यांतला एक. एकूण पाच तुकड्यांतले दोन. तुकडे मोजणे हाच ज्याच्या लेखी अपूर्णांक, त्याला हे उत्तर चुकीचे का, हे छेद समान करण्याच्या नियमाने कधीच कळणार नाही. त्याला एवढेच विचारावे, की २/५ हे अर्ध्याहून कमी आहे की जास्त? कमी आहे. मग अर्ध्यात काहीतरी मिळविल्यावर ते अर्ध्याहून कमी कसे झाले? या प्रश्नाने त्याच्या मनात जी अडचण उभी राहते, तिच्यावरच पुढचे वळण बांधावयाचे असते.

समजा, अशा मुलाच्या हाती चौकटीची वही आहे. त्याने एका ओळीत बारा चौकटींची पट्टी आखावी आणि ही पट्टी म्हणजे एक, असे ठरवावे. अर्धा म्हणजे सहा चौकटी, तिसरा हिस्सा म्हणजे चार चौकटी. दोन्ही मिळून दहा चौकटी, म्हणजे १०/१२, आणि दोन दोन चौकटींच्या जोड्या केल्या तर ५/६. येथे छेद समान करण्याचा नियम अजून उच्चारलेला नाही, तरी तो घडून गेला आहे. जुन्या काळी जे काम आण्याने केले ते येथे चौकटीने केले. मग त्याला विचारावे, की बाराच्या ऐवजी दहा चौकटी घेतल्या असत्या तर? अर्धा निघाला असता, तिसरा हिस्सा निघाला नसता. सहा घेतल्या असत्या तर? दोन्ही निघाले असते, आणि उत्तरही थेट ५/६ आले असते. कोणकोणत्या संख्यांनी काम भागते याची यादी मुले स्वतः करू लागली की नवव्या प्रकरणातील लसाविची पूर्वतयारी चौथ्यातच होते. अर्ध्यात पाऊण मिळविण्यास सांगितले, तर सहा आणि नऊ मिळून पंधरा चौकटी होतात, पट्टी संपते, आणि मूल तिच्या पुढे आपसूक दुसरी पट्टी जोडते. १५/१२ म्हणजे ५/४. ज्या अपूर्णांकाला भाकरीत जागा नव्हती तो आता एका विवक्षित लांबीवर उभा असतो, आणि पट्ट्या एकापुढे एक मांडल्या की त्यांचीच संख्यारेषा होते.

तीच पट्टी भागाकारासही पुरते. ३/४ ला १/२ ने भागावयाचे म्हणजे नऊ चौकटींत सहा चौकटींचा गट किती वेळा बसतो ते पाहावयाचे. एक वेळा पुरा आणि एक वेळा अर्धा, म्हणून दीड. भागाकाराचे उत्तर भाज्यापेक्षा मोठे आले याचे आश्चर्य वाटावयाचे कारण उरत नाही. उलटा करून गुणावे हा नियम यानंतर सांगावा आणि अवश्य पाठ करून घ्यावा, कारण दर वेळी पट्टी काढीत बसणे शहाणपणाचे नाही. पण नियम विसरला तर मुलाजवळ परतण्याची वाट असते. गुणाकारासाठी मात्र पट्टी अपुरी पडते. १/३ चा १/२ घेणे पट्टीवर दाखविता येते, चारांतल्या दोन चौकटी म्हणून. परंतु २/३ गुणिले ३/४ याचे मर्म उभ्या-आडव्या चौकटींच्या आयतात अधिक उघड होते, तीन ओळी आणि चार स्तंभ आखून त्यांतल्या दोन ओळी नि तीन स्तंभ जेथे एकमेकांस छेदतात त्या सहा चौकटी, बारांपैकी सहा, म्हणजे अर्धा. लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ ही कल्पना ज्याची कच्ची आहे त्याला हे चित्र काहीच सांगणार नाही. येथे शिक्षकास क्षेत्रफळाकडे आधी वळावे लागते. सर्पिल मांडणीच्या पोटात अशा छोट्या रेषीय साखळ्या असतात आणि त्यांतली एकही कडी वगळून चालत नाही.

या रीतीचा येरवड्याच्या वर्गास जो उपयोग आहे तो असा, की एकाच साधनावर भिन्न खोलीचे प्रश्न एकाच तासात विचारता येतात. ज्याची पाचवी नीट झाली आहे तो आठ आणि दहा हे छेद घेऊन चाळीस चौकटींचा विचार करतो. ज्याची झालेली नाही तो त्याच पट्टीवर अर्धा आणि पाव शोधतो. दोघांनाही एकमेकांचे काम दिसते. मात्र जे मूल फारच मागे आहे, त्याला या तासावर सोडून देणे अन्याय आहे. त्याच्यासाठी कायद्याने वेगळ्या विशेष प्रशिक्षणाची तरतूद केलेली आहे, ती हजेरीपटापुरती न राहता प्रत्यक्षात झाली पाहिजे. १९९३ पासून पुण्यात बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थेच्या अस्तित्वावरून ही गरज किती मोठी आहे, हे कळते. राज्यभर एकच पुस्तक असल्यामुळे लातूरहून दिवाळीनंतर आलेल्या मुलाला निदान प्रकरणाचे नाव तरी ओळखीचे निघते. कर्नाटकातून आलेल्या मुलाला तेही सुख नसते, आणि त्याच्या बाबतीत मागील पुस्तकाचा विचार सोडून तीन प्रश्नांनीच सुरुवात करणे भाग असते.

सर्पिल मांडणीवर शिक्षकांचा एक रास्त आक्षेप असतो, की दर वर्षी तेच ते पाहून चांगल्या मुलांचा उत्साह जातो. जेथे पुनर्भेटीत केवळ आकडे मोठे होतात, २/३ च्या जागी १७/२३ येते, तेथे तो जाणारच. चढ झाला की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी अशी, की मागील वर्षीचे साधन या वर्षी कोठेतरी तुटले पाहिजे. भाकरी ५/४ ला तुटते आणि पट्टी येते. पट्टी सातवीत तुटते, कारण शून्याच्या डावीकडे जाण्यासाठी चौकटी मोजणे पुरत नाही, दिशा लागते. आठवीत जे तुटते ते सर्वांत मोठे आहे.

सातवीत पायथागोरसचा सिद्धांत झालेला असतो; तो झाल्याशिवाय पुढची पायरी चढताच येत नाही, आणि या ठिकाणी मी रेषीय क्रमाचा पूर्ण पुरस्कर्ता आहे. आठवीतल्या मुलाने आपली जुनी बारा चौकटींची पट्टी काढावी, तिच्यावर बारा बाय बाराचा चौरस उभारावा आणि त्याचा कर्ण मोजावा. कर्ण सतरा चौकटी भरतो, म्हणजे १७/१२, असे मुले आत्मविश्वासाने सांगतात, आणि पेन्सिलीच्या टोकाने यापेक्षा बारीक मोजताही येत नाही. परंतु बाराचा वर्ग आणि बाराचा वर्ग मिळून २८८ होतात आणि सतराचा वर्ग २८९. एकाचा फरक राहिला. पाच चौकटींचा चौरस घेतला तर बेरीज ५० आणि सातचा वर्ग ४९. पुन्हा एकाचाच फरक, पण उलट बाजूने. एकोणतीस चौकटींचा चौरस घेतला तर बेरीज १६८२ आणि एक्केचाळीसचा वर्ग १६८१. कितीही बारीक चौकटी पाडल्या तरी चौरसाचा कर्ण कधीच नेमक्या चौकटीवर संपत नाही. कारण शून्याखेरीज कोणत्याही पूर्ण संख्येच्या वर्गाची दुप्पट ही स्वतः दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग होऊ शकत नाही. वर्गसंख्येचे मूळ अवयव पाडले की प्रत्येक अवयव सम वेळा येतो, आणि दुप्पट करताना दोन हा अवयव एकदाच वाढल्यामुळे तो विषम वेळा येतो. अवयव आणि विभाज्यता मुलांनी पाचवी-सहावीतच पाहिलेली असतात, त्यामुळे हे कारण आठवीच्या वर्गात फळ्यावर दहा मिनिटांत मांडता येते, आणि त्यानंतर संख्यारेषेवर √२ हा बिंदू कंपासने दाखविला की ज्या बिंदूवर एकही अपूर्णांक बसत नाही असा तो पहिला बिंदू मुलांना भेटतो.